आईच्या मोरीतला दांडा : उंची कशी घ्यायची, भिंत कशी पारखायची

घरात म्हातारं माणूस असेल तर उद्या सकाळी एक गोष्ट बघा. आई किंवा बाबा अंघोळीला निघाले की दारापासून मोरीपर्यंत त्यांचा हात कुठे कुठे टेकतो, ते मोजा. बहुतेक घरांत पहिला हात दाराच्या चौकटीला लागतो. दुसरा जातो पिंपाच्या काठावर. तिसरा नळावर, नाहीतर टॉवेल टाकायच्या दांडीवर. उठताना पुन्हा नळ धरला जातो. या जागा खडूनं खुणावून ठेवा. शरीरानं आपणहून शोधलेल्या त्या जागा आहेत. आधाराचा दांडा तिथेच लागणार आहे, आपल्याला भिंत रिकामी दिसते तिथे नाही.

वॉर्डात ड्युटी करत होतो तेव्हा खुब्याचं हाड मोडून आलेल्या म्हाताऱ्यांना आम्ही विचारायचो, पडताना हातात काय होतं? रिकाम्या हातानं पडलेली माणसं कमीच असायची. कुणी नळ धरला होता, तो फिरला. कुणी टॉवेलची दांडी धरली, ती उपसून हातात आली. एका बाबांनी पिंप धरलं होतं, ते पिंपासकट पडले. म्हणजे धरायला काहीतरी होतं, पण ते माणसाचा भार घेणारं नव्हतं.

आपल्या सोलापुरात पिंपाचं हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणून अर्धी मोरी पिंपानं अडवलेली असते. पाणी आलं त्या दिवशी भरलेलं दोनशे लिटरचं पिंप दगडासारखं घट्ट असतं. आईनं त्याला रेटा दिला तरी ते हलत नाही. हाताला ती सवय लागते. तीन दिवसांनी तेच पिंप तळाला गेलेलं असतं आणि हात मात्र तोच रेटा देतो. पाणी यायच्या आदल्या दिवशीचं पिंप सगळ्यात फसवं. म्हणून पिंप आईच्या वाटेवरून आणि तिच्या हाताच्या बाजूनं काढून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचं. दांड्याला मोकळी भिंतही त्यामुळेच मिळते.

आता एका घराचं काम सुरुवातीपासून सांगतो. आमच्या शेजारच्या वस्तीतल्या एक आजी, वय सत्तरीच्या पुढे, उंची चार फूट नऊ इंच. सगळा जन्म विड्या वळण्यात गेला, त्यामुळे दोन्ही हातांची बोटं आखडलेली. डावा गुडघा दुखरा. मोरी चार फूट बाय चार फूट, खाली शहाबादी फरशी, भिंतीला तीन फुटांपर्यंत टाइल्स, आणि दारात चार इंचांचा उंबरा. आजी पाटावर बसून अंघोळ करायच्या. उठताना नळ धरायच्या. दोनदा घसरल्या, दोन्ही वेळा थोडक्यात वाचल्या.

मुलानं आधी बाजारातून रबरी कप असलेला दांडा आणला. भिंतीला दाबून चिकटवायचा असतो तो. दोन दिवस टिकला, तिसऱ्या दिवशी निघाला. असा दांडा अगदी गुळगुळीत आणि अखंड जागेवरच धरतो. टाइलच्या सांध्यावर कप आला की आत हळूहळू हवा शिरते. तो सुटायच्या आधी काही कळत नाही, म्हणून तो घेऊच नका.

मग त्यानं स्टीलचा दांडा आणला आणि प्लास्टिकचे वॉल प्लग ठोकून स्क्रूनं बसवला. उंची दुकानदारानं सांगितली, तीन फूट. महिन्याभरात एक टोक हलायला लागलं. शिवाय आजी म्हणाल्या, "हे धरून उठाय येत न्हाई, नुसतं लटकाय येतंय." या एका वाक्यात दोन चुका होत्या, उंचीची आणि भिंतीची. आधी उंचीचं बघू.

तेहेतीस ते छत्तीस इंच ही उंची दुकानात आणि माहितीपत्रकांत सगळीकडे सापडते. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या बांधकाम नियमांत संडासाजवळच्या आडव्या दांड्याला हीच उंची दिलेली आहे. सार्वजनिक जागेत कोण येणार हे माहीत नसतं, म्हणून तिथे एक ठरलेला आकडा लागतो. आपल्या मोरीत कोण येणार हे आपल्याला माहीत आहे. चार फूट नऊ इंचांच्या बाईचं कोपर छत्तीस इंचांवरच येतं. कोपराएवढ्या उंचीवरचा दांडा ओढता येतो, पण त्यावर खाली जोर देऊन अंग उचलता येत नाही. उठायला खाली जोर द्यावा लागतो आणि त्यासाठी हात जवळजवळ सरळ, कोपरात किंचित वाकलेला असावा लागतो.

म्हणून माप माणसाचं घ्या. आईला रोजच्या जागी, रोजची चप्पल घालत असेल तर ती घालून, सरळ उभं करा. हात मोकळे सोडायला सांगा. मनगटाच्या आतल्या बाजूला जी घडी असते, तिथून जमिनीपर्यंत टेप लावा. आजींचं हे माप साडेसत्तावीस इंच भरलं. मग त्यांना बसायच्या जागी बसवून कोपर वाकवायला लावलं. कोपरापासून जमीन चोवीस इंच. उभं राहून धरायची उंची एक आणि बसून जोर द्यायची दुसरी. एकच दांडा दोन्हीला लागणार असेल तर मधली उंची धरावी लागते. आम्ही सव्वीस इंच धरली. भोक पाडायच्या आधी त्या उंचीवर भिंतीशी लाकडी दांडकं दोघांनी घट्ट धरलं आणि आजींना चारदा बसवलं, उठवलं. पाचव्यांदा त्या स्वतःच म्हणाल्या, इथंच ठेवा.

बसायची जागा म्हणजे पाट नाही, हे सांगायचं राहिलं. पाटावरून उठताना अंगाचा सगळा भार गुडघ्यावर येतो, दांडा कितीही चांगला असला तरी. गुडघ्याच्या मागे जी घडी पडते तिच्यापेक्षा दोन इंच उंच स्टूल घ्या. आजींची घडी चौदा इंचांवर होती, म्हणून सोळा इंचांचं चार पायांचं प्लास्टिकचं स्टूल आणलं. पायांना रबरी बूच आणि बसायच्या जागेत पाणी जायला भोक असलेलं. बादलीही एका कट्ट्यावर चढवली, कारण खाली वाकून तांब्या भरताना तोल पुढे जातो.

आता भिंत. दांडा भिंतीच्या ताकदीवर उभा असतो, स्टीलच्या नाही. आपल्या वस्त्यांतल्या मोऱ्यांची भिंत बहुतेक वेळा चार इंची, म्हणजे एका विटेच्या रुंदीची असते. वर अर्धा-पाऊण इंच गिलावा, त्यावर टाइल. प्लास्टिकचा वॉल प्लग दोन इंच लांब असतो. त्यातला निम्मा टाइल आणि गिलाव्यातच संपतो, विटेत उरतो जेमतेम इंचभर. आजींच्या घरी नेमकं हेच झालं होतं. पसरणारा लोखंडी फास्टनरही अशा भिंतीत नको. तो आत पसरताना विटेला फोडतो. काँक्रीटचा खांब किंवा तुळई असेल तर तो उत्तम, नुसत्या चार इंची विटेत नाही.

टाइल मागून भरीव आहे का ते नाण्यानं ठोकून कळतं. भरीव असेल तर टणक आवाज येतो. ढब आवाज आला तर मागे पोकळी आहे, दांडा आवळताना ती टाइल तडकणारच. तळहातानं भिंत जोरात ढकलूनही बघा. भिंतच हलत असेल, किंवा वरचं टोक मोकळं असेल, तर तिच्यावर दांडा लावू नका. त्याचा उपाय पुढे सांगितला आहे.

चार इंची भिंतीला खात्रीचा उपाय म्हणजे बोल्ट आरपार घालायचा आणि पलीकडून लोखंडी पट्टीनं आवळायचा. मग भार एका भोकावर न पडता पट्टीएवढ्या सगळ्या विटांवर वाटला जातो. अडचण एवढीच की भिंतीच्या पलीकडे बऱ्याचदा शेजाऱ्याचं घर असतं. आजींच्या मोरीच्या पलीकडे बोळ होता, म्हणून सोपं गेलं. शेजाऱ्याची भिंत असेल तर आधी त्यांच्या घरी जाऊन, पट्टी कुठे येईल ते खडूनं दाखवून विचारा. न विचारता पलीकडे बोल्ट निघाला की दांडा बाजूलाच राहतो आणि भांडण सुरू होतं.

दांड्यासाठी महागडी वस्तू लागत नाही. नळाचा एक इंची जी. आय. पाइप चालतो. त्याला एक इंची म्हणतात ते आतल्या मापावरून. बाहेरून तो सुमारे चौतीस मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून थोडा जाड भरतो. मुठीत घट्ट बसायला हीच जाडी लागते. अर्धा इंची पाइप स्वस्त पडतो, पण तो बोटाएवढा बारीक, ओल्या हातात फिरतो. दोन फुटांचा पाइप, दोन्ही टोकांना एल्बो, त्याला अगदी आखूड निपल आणि भिंतीकडे फ्लँज, एवढं प्लंबर जोडून देतो. भिंत आणि पाइप यांच्यात दीड ते दोन इंच जागा राहिली पाहिजे. त्याहून कमी असली तर बोटं घासतात. त्याहून जास्त असली तर तोल गेल्यावर हात कोपरापर्यंत आत घुसतो आणि मोडतो.

आम्ही असं बसवलं. फ्लँज भिंतीला धरून चार-चार भोकांच्या खुणा केल्या. भोक टाइलच्या कडेपासून दोन इंच आत येईल असं बघितलं, कारण कडेला टाइल फुटते. खुणेवर चिकटपट्टी लावली म्हणजे ड्रिलचं टोक घसरत नाही. टाइल संपेपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवलं, विटेत गेल्यावर ठोका सुरू केला. आधी बारीक बिटनं, मग दहा मिलिमीटरच्या बिटनं आरपार. भोकातून आठ मिलिमीटरची आटे पाडलेली सळई घातली, हार्डवेअरवाले तिला थ्रेडेड रॉड म्हणतात. बोळाच्या बाजूला सहा इंच बाय सहा इंच, पाच मिलिमीटर जाडीची पट्टी, दोन हात रंग दिलेली. आतल्या बाजूला फ्लँजखाली रबराचा वॉशर, म्हणजे टाइलवर दाब सारखा पडतो. दोन्हीकडून नट आवळले, उरलेली सळई कापली आणि टोकं घासून घेतली. आत गोल टोपीचा नट वापरला, नाहीतर हात कापतो. बोळातून पोरं पळतात, म्हणून तिकडच्या टोकांवरही टोप्या लावल्या. शेवटी फ्लँजभोवती वरून आणि बाजूंनी सिलिकॉन भरलं, खालची कड मोकळी ठेवली. पाणी कुठूनतरी शिरतंच, ते खालून निघून जायला पाहिजे.

ड्रिल चालवताना मोरी पूर्ण कोरडी हवी, पायात चप्पल हवी. भिंतीत दिव्याची वायर किंवा पाण्याचा पाइप कुठून गेला आहे ते आधी विचारून घ्या. बटणाच्या सरळ खाली-वर भोक पाडू नका.

आजींना दांडा द्यायच्या आधी मुलानं तो तपासला. वजन सत्तरच्या पुढे. दोन्ही हातांनी धरून तो खाली लोंबकळला, मग भिंतीला पाय लावून बाहेर ओढलं. फ्लँज आणि टाइल यांच्यात कागद सरकेल एवढी फट जरी पडली तरी काम परत करायचं. अमेरिकेच्या नियमात दांड्यानं दोनशे पन्नास पौंड, म्हणजे सुमारे एकशे तेरा किलोचा जोर सोसावा असं आहे. माणूस घसरताना त्याच्या वजनापेक्षा जास्त झटका बसतो, म्हणून एवढा मोठा आकडा.

उंबऱ्याजवळ दुसरा दांडा लागला, तो उभा. एका पायावर उभं राहून चार इंच ओलांडताना हात वर-खाली सरकवता आला पाहिजे. दोन फुटांचाच पाइप, खालचं टोक अठ्ठावीस इंचांवर, वरचं बावन्न इंचांवर. मोरीच्या आतल्या बाजूला, दाराला लागून, आजींच्या उजव्या हाताला. दांडा तिरका लावायची पद्धत काही जण सांगतात. ओला हात तिरक्या पाइपावरून घसरत खाली येतो. आम्ही आडवा किंवा उभा एवढेच लावतो.

भिंत पत्र्याची असेल, किंवा हलणारी असेल, तर तिला विसरा. दीड इंची जी. आय. पाइपाचा खांब जमिनीत गाडा. एक फूट लांब-रुंद, दीड फूट खोल खड्डा, त्यात खडी-वाळू-सिमेंटचं काँक्रीट, सात दिवस पाणी मारायचं आणि तोवर कुणीही धरायचं नाही. वरचं टोक छताच्या लोखंडी अँगलला वेल्ड करून घ्या. भाड्याच्या घरात मालकाला विचारून हेच करता येतं, भिंतीला हात लागत नाही.

संडासातही माप घ्यायची रीत हीच. खाली बसायचं भांडं असेल आणि गुडघे अजून वाकत असतील, तर समोर किंवा उजव्या बाजूला उभा दांडा लावा. तो बसल्यावर छातीच्या उंचीपासून सुरू होऊन उभं राहिल्यावर कोपरापर्यंत यावा, म्हणजे हात चढत चढत उठता येतं. गुडघे वाकतच नसतील तर दांड्यानं भागणार नाही. भांड्यावर कमोड खुर्ची ठेवावी लागते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरच्या, दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या माणसाला साधनं घ्यायला एकदा तीन हजार रुपये बँक खात्यात मिळतात, आणि साधनांच्या यादीत कमोड खुर्ची आहे. अर्जाची चौकशी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करा.

आता नळ आणि कडी. आखडलेल्या बोटांना गोल, फिरवायचा नळ पिळता येत नाही. आजी तो दोन्ही हातांनी फिरवायच्या, म्हणजे तेवढा वेळ आधार शून्य. त्याजागी लांब मुठीचा, पाव फेऱ्यात उघडणारा नळ लावला. मनगटानं किंवा कोपरानं ढकलला तरी उघडतो. पाणी नळाला नाहीच, पिंपात आहे, ही आपली खरी स्थिती. म्हणून असाच नळ पिंपाच्या बुडाशी बसवला आणि पिंप विटांच्या कट्ट्यावर चढवलं. आता तांब्या बुडवायला वाकावं लागत नाही.

दाराला वरची कडी असते ती काढा. पडलेलं माणूस ती उघडू शकत नाही आणि बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. दाराची मूठ दाबायची, लांब हवी, छत्तीस ते चाळीस इंचांवर. तिचं टोक दाराकडे वळलेलं असावं, नाहीतर पदर आणि बांगड्या अडकतात. आतून लावलं तरी बाहेरून नाण्यानं उघडता येईल अशी खिट्टी मिळते. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या बदलून बाहेर उघडणारं करा. आजींची मोरी एवढी लहान की आत कुणी पडलं असतं तर दार त्यांच्याच अंगावर अडलं असतं.

राहिली फरशी. शहाबाद इथून जवळच, म्हणून हा दगड घरोघरी. नवा असताना तो खरखरीत असतो. वर्षानुवर्षं पाय आणि साबण लागून गुळगुळीत होतो, आणि साबण-मळाचा थर बसला की बुळबुळीत. पाण्यापेक्षा हा थर जास्त घसरवतो. आठवड्यातून दोनदा कडक ब्रशनं, सोड्यानं घासून काढा. ॲसिड मात्र टाकू नका. शहाबादी हा चुन्याचा दगड, ॲसिडनं तो खातो, आणि बंद मोरीत त्याची वाफ म्हाताऱ्या छातीला सोसत नाही.

आजींच्या फरशीवर गवंड्यानं ग्राइंडरनं आडव्या रेघा मारल्या. एकेक इंचावर, दोन-तीन मिलिमीटर खोल, चालायच्या दिशेला आडव्या. रेघेत साबण साठतो, म्हणून ब्रश चुकवायचा नाही. नवी फरशी टाकणार असाल तर चकचकीत टाइल नको, लहान आकाराची खरबरीत घ्या आणि न्हाणी ट्रॅपकडे फुटामागे पाव इंच उतार ठेवा. खाली रबरी कप असलेली चटई शहाबादीवर धरत नाही, दगडाच्या खरबरीतपणामुळे कप सुटतात, आणि चटईच पायाखालून सरकते. चिकटपट्टी लावायची तर फरशी दोन दिवस पूर्ण वाळवावी लागते. एकच मोरी असलेल्या घरात ते जमत नाही. आम्हाला रेघाच बऱ्या वाटल्या.

दर महिन्याला पाणी येईल त्या दिवशी दांडा हलवून बघायचा, नट पान्यानं तपासायचे, पाइपाच्या आट्यांजवळ गंज दिसला तर घासून रंग द्यायचा. आजींच्या घरी हे काम नातवाकडे दिलं आहे. परवा गेलो तेव्हा तो दांड्याला लोंबकळत होता आणि आजी बाहेरून ओरडत होत्या, "माझा हाय त्यो, मोडशील."